पाइप, बादली आणि लिटरचा हिशोब

पार्किंगमधला नळ हा इमारतीतला सगळ्यांत खालचा नळ असतो, आणि पाण्याची सगळ्यांत जास्त नासाडी तिथे होण्याचं पहिलं कारण हेच आहे. गच्चीवरच्या टाकीतली पातळी आणि नळाची तोटी यांच्यातलं उभं अंतर जितकं जास्त, तितका पाण्याला जोर. दर दहा मीटरला साधारण एक किलोचा दाब धरायचा. चार मजली इमारतीत हे अंतर पंधरा मीटरच्या आसपास भरतं. म्हणजे वरच्या मजल्यावर शॉवरला धार येत नाही म्हणून तक्रार चालू असते आणि खाली गाडी धुताना तेच पाणी दीड किलोच्या दाबाने फरशीवर आपटत असतं. जिथे पाणी सर्वांत कमी मोलाच्या कामाला लागतं, तिथेच ते सर्वांत जोरात येतं.

हा जोर किती, ते अंदाजाने सांगू नये. मोजायला एक बादली, एक लिटरची बाटली आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरतं. बादलीवर 15 किंवा 20 लिटर असं छापलेलं असलं तरी ते काठोकाठ भरल्यावरचं माप असतं आणि तशी बादली कुणी भरत नाही. म्हणून बाटलीने दहा वेळा पाणी ओतून, जिथे पातळी येते तिथे आतून पक्क्या मार्करने रेघ मारून घ्यावी. मग गाडी धुताना जसा लावतात तसाच पाइप नळाला लावायचा, नळ नेहमीइतका सोडायचा आणि त्या रेघेपर्यंत पाणी यायला किती सेकंद लागले ते बघायचं. 600 ला त्या सेकंदांनी भागलं की मिनिटाला किती लिटर ते निघतं. 33 सेकंद लागले तर 18 लिटर. पाइप लावूनच मोजायचं, कारण अर्धा इंची पाइप पंधरा-वीस मीटर लांब असेल तर आतल्या घर्षणाने प्रवाह बराच कमी होतो. नुसत्या तोटीखाली मोजलेला आकडा फुगलेला येतो. पार्किंगच्या पाइपला मिनिटाला 15 ते 20 लिटर हा आकडा सहज सापडतो.

आता हा 18 चा आकडा हातात धरून एक गाडी धुतली जाताना बघू. हॅचबॅक आहे, आठवडाभराची धूळ आहे, चिखल नाही. सगळी गाडी ओली करायला दोन मिनिटं. साबण लावायला चार मिनिटं. साबण उतरवायला पुन्हा चार. चाकं आणि खालची पट्टी यांना एक. अकरा मिनिटं, म्हणजे 198 लिटर, दोनशेच म्हणा. शहरात एका माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी मिळावं, हा आपल्याकडे पाणीपुरवठ्याच्या आखणीचा रूढ निकष आहे. त्या दीड माणसाच्या दिवसाचं पाणी एका गाडीवर गेलं.

पण दोनशेच्या आत डोकावलं तर खरी गोष्ट दिसते. साबण लावण्याच्या चार मिनिटांत पाइप कुठे असतो? जमिनीवर, चालू. एका हातात फडका, दुसऱ्या हाताने आरसा धरलेला, नळ वीस पावलांवर. त्या चार मिनिटांत 72 लिटर पाणी गाडीला स्पर्शही न करता गटारात जातं. पाइपच्या पद्धतीत पाणी मळावर खर्च होत नाही, वेळेवर खर्च होतं. गाडी थोडी मळलेली असो की खूप, माणसाला तिच्याभोवती फिरायला जितका वेळ लागतो तितके लिटर जातात. बादलीत ही भानगड नाही. दहा लिटर भरले तर तास लागला तरी दहाच.

सोसायटीच्या पातळीवर हे गुणून बघा. 30 गाड्या, आठवड्यातून एकदा पाइपने, 200 लिटर प्रत्येकी: 6,000 लिटर. त्याच 30 गाड्या बादलीने, 25 लिटर प्रत्येकी: 750. फरक आठवड्याला 5,250 लिटरचा, म्हणजे पंधरवड्याला एक दहा हजारी टँकर. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तेव्हा पहिल्या खेपेला दहा वॅगनींतून मिळून सुमारे 5 लाख लिटर पाणी पोचलं होतं. अशी एक अख्खी वॅगन या एका पार्किंगमध्ये साधारण दहा आठवड्यांत, नुसत्या धुण्याच्या पद्धतीतल्या फरकाने, वाहून जाते. मार्च 2024 मध्ये बंगळूरच्या पाणी मंडळाने गाड्या धुण्यासाठी पिण्याचं पाणी वापरायला बंदी घालून 5,000 रुपये दंड ठेवला, तो टंचाई अंगावर आल्यावर. आकडे मात्र टंचाईच्या आधीही हेच होते.

तरीही बादलीबद्दल एक तक्रार कायम ऐकू येते, आणि ती खोटी नाही: बादलीने गाडीला ओरखडे पडतात. या तक्रारीला उत्तर न देता "बादली वापरा" असं सांगणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. म्हणून पाणी गाडीवर नेमकं काय काम करतं ते आधी बघितलं पाहिजे.

पाणी तीन कामं करतं. चिकटलेली धूळ भिजवून सैल करतं. फडका आणि रंग यांच्यामध्ये राहून घर्षण कमी करतं. आणि सुटलेला मळ वाहून नेतं. पहिल्या दोन कामांना पाणी फार थोडं लागतं, वेळ लागतो. लिटरच्या लिटर जातात ते तिसऱ्या कामाला, आणि ते काम पाण्याशिवाय दुसरंही कुणी करू शकतं: फडका. मायक्रोफायबरच्या फडक्याच्या बारीक धाग्यांमध्ये कण अडकतो, वर उचलला जातो आणि बादलीत झटकला जातो. पाइपवाला मळ पाण्याबरोबर ढकलत नेतो, बादलीवाला तो कापडात उचलून नेतो. ओरखडे पडतात ते पहिलं काम वगळून थेट पुसायला घेतल्याने. कोरड्या धुळीवर ओला फडका फिरवला की त्यातले वाळूचे कण फडक्याखाली दाबून रंगावर ओढले जातात. रंगावरचा पारदर्शक थर 40-50 मायक्रॉनचाच असतो. असं वर्षभर केलं की उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा चमकायला लागतात. सावलीत त्या दिसत नाहीत; मोबाइलचा टॉर्च जवळ धरला की दिसतात.

म्हणजे पाइपचं एकच काम बादलीला जमत नाही, ते सुरुवातीला भिजवण्याचं. त्यासाठी बागेत औषध मारायला वापरतात तो हातपंप घ्यावा, पाच लिटरचा, दट्ट्या मारून हवा भरायचा. औषध मारलेला जुना पंप नको, नवाच. त्यात तीन लिटर पाणी भरून वीस-पंचवीस दट्टे मारले की बारीक फवारा मिळतो. छतापासून सुरुवात करून सगळ्या गाडीवर फवारा मारायचा आणि दोन-तीन मिनिटं थांबायचं. हे थांबणं फुकटचं आहे आणि तेच लोक टाळतात. तेवढ्या वेळात धुळीचा थर काळपट होऊन ओघळायला लागतो. ओघळ दिसले की भिजलं असं समजायचं. जिथे अजून फिकट कोरडे डाग दिसतात, तिथे पुन्हा फवारा. तीन लिटरमध्ये हॅचबॅक पुरते, मोठ्या एसयूव्हीला चार-साडेचार लागतात.

यानंतर दोन बादल्या. एकीत सहा लिटर पाणी आणि गाडीचा शाम्पू, दुसरीत आठ लिटर साधं पाणी. शाम्पूच्या बादलीत फडका बुडवायचा, एक भाग पुसायचा, मग तो फडका आधी साध्या पाण्यात खळबळून पिळायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत घालायचा. म्हणजे कचरा दुसऱ्या बादलीत जमतो आणि शाम्पूची बादली शेवटपर्यंत जवळजवळ स्वच्छ राहते. साध्या पाण्याच्या बादलीत फडका वरच्या वर खळबळायचा, तळापर्यंत न्यायचा नाही. जड कण तळाशी बसलेले असतात, आणि फडका तिथे टेकला की ते परत वर येतात. काम संपल्यावर ही बादली हळूच तिरकी करून बघा: वरचं पाणी गढूळ आणि तळाला चिमूट-दोन चिमूट बारीक वाळू, बोटाला करकर लागणारी. एकाच बादलीने धुतलं असतं तर ती वाळू पुन्हा पुन्हा गाडीवर गेली असती.

फडका मोठा घ्यावा, साधारण 40 बाय 40 सेंटिमीटरचा, आणि चौपदरी घडी घालून वापरावा. घडी उलटी-सुलटी करत गेलं की एका फडक्याच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात. एका बाजूने एक भाग पुसला की बाजू बदलायची, आठही संपल्यावर खळबळायचा. हात सरळ रेषेत फिरवायचा, गोल नाही. वरून खाली यायचं: छत, काचा, बॉनेट आणि डिकी, दारांचा वरचा भाग, मग दारांचा खालचा भाग आणि बंपर. चाकं सर्वांत शेवटी आणि वेगळ्या फडक्याने, कारण ब्रेकची धूळ म्हणजे लोखंडाचे कण. तो फडका पुन्हा रंगावर आणायचा नाही. जमिनीवर पडलेल्या फडक्यालाही हाच नियम. तो झटकून चालत नाही, धुण्यातच टाकायचा.

साबण उतरवायला तिसरं पाणी लागतं, सहा लिटर. ते मगने ओतू नये. मगचं पाणी एका जागी पडून ओघळून जातं, रुंद पसरत नाही. दुसरा स्वच्छ फडका त्यात बुडवून अर्धवट पिळायचा आणि वरून खाली ओढत न्यायचा, त्याच्या मागून कोरडा फडका फिरवायचा. चाकांना तीन लिटर धरा. ते नवीन पाणी घ्यायची गरज नाही, शाम्पूचं उरलेलं पाणी चालतं. फवाऱ्याचे तीन, शाम्पूचे सहा, खळबळायचे आठ, शेवटचे सहा: 23 लिटर. धूळ जास्त असेल तर खळबळायची बादली एकदा बदलावी लागते आणि आकडा 30 पर्यंत जातो. त्याहून जास्त व्हायला लागलं तर बहुतेक वेळा कारण एकच असतं, साबण.

साबणाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण शेवटी किती पाणी लागणार हे मळ ठरवत नाही, साबण ठरवतो. कपड्यांची पावडर स्वस्त आणि हाताशी असते, पण तिच्यात सोडा असतो. ती गाडीवरचं मेण उतरवते, रबराच्या पट्ट्या कोरड्या पाडते आणि तिचा पांढरा थर निघायला दुप्पट पाणी घेते. भांडी घासायचा द्रव साबण फेस भरपूर करतो आणि तो फेस काढता काढता माणूस पुन्हा पाइपकडे वळतो. गाडीच्या शाम्पूचंही प्रमाण सांभाळावं. बाटलीवर जे लिहिलं असेल तेच घ्यावं. सहा लिटरला साधारण एक-दोन टोपणांपुरतंच ते असतं. बादलीत बुडवलेला हात बाहेर काढल्यावर बोटं एकमेकांवर सहज घसरली तर शाम्पू पुरेसा आहे. फेसाचा डोंगर हा शाम्पू जास्त झाल्याचा पुरावा आहे, गाडी जास्त स्वच्छ होत असल्याचा नाही.

दुसरी अडचण बोअरच्या पाण्याची. पुण्याच्या उपनगरांत, मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडे बोअरचं पाणी क्षारांचं असतं. ते गाडीवर वाळलं की थेंबाच्या आकाराचे पांढरे डाग राहतात आणि काही आठवड्यांत काचेवर पक्के बसतात. लोक मग डाग घालवायला पुन्हा पाणी मारतात, तेही बोअरचंच, आणि डाग वाढतात. इथे पाणी वाढवून उपयोग नाही. पाणी वाळू द्यायचं नाही, एवढाच उपाय आहे. सावलीत धुवायचं, बॉनेट गार झाल्यावर धुवायचं, आणि एक दार धुऊन झालं की कोरडं पुसूनच पुढच्या दाराला हात घालायचा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी शेवटच्या फडक्यासाठी उत्तम, कारण ते हवेतल्या बाष्पाचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. मुंबईत, कोकणात, गोव्यात दमट दिवसांत रात्रभराच्या एसीतून पाच-सात लिटर सहज जमतं. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याची आशा धरू नये. आरओ मशीनचं बाहेर टाकलेलं पाणी मात्र याच्या अगदी उलट. मशीनमध्ये 300 टीडीएसचं पाणी जात असेल आणि त्यातलं एक तृतीयांश पिण्यासाठी निघत असेल, तर बाहेर पडणारं पाणी सव्वाचारशेच्या पुढे जातं. ते फरशीला चालतं, चाकांना चालतं, काचेला आणि काळ्या रंगाच्या गाडीला लावू नये.

आता दुसऱ्या टोकाकडे. सकाळी सोसायटीत गाड्या पुसणारे दादा एका बादलीत दहा-बारा गाड्या उरकतात. हिशोबाने गाडीमागे लिटरभर पाणी, आणि पाण्याच्या दृष्टीने हे सर्वांत काटकसरीचं. पण चौथ्या-पाचव्या गाडीपर्यंत त्या बादलीत हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. त्याच्या पुढे जे चालतं त्याला धुणं म्हणता येत नाही. पहिल्या चार गाड्यांची वाळू पाचवीवर घासली जाते. दोष त्या माणसाचा नाही, एक बादली आणि दोन फडके देऊन दोन तासांत पंचवीस गाड्या मागणाऱ्यांचा आहे. सोसायटीने त्यांना एक फवारणी पंप, दोन बादल्या आणि गाडीमागे दोन फडके घेऊन द्यावेत. पाण्यात बुडवलेली बोटं दिसेनाशी झाली की पाणी बदलायचं, ही खूण ठरवून द्यावी. रोजच्या धुळीला मग गाडीमागे तीन-चार लिटर पुरतात. आणि रोज पुसायची गरज आहे का, तेही विचारावं. नुसती बसलेली धूळ रंगाचं काही बिघडवत नाही. रोज स्वच्छ लागतात त्या काचा, दिवे आणि आरसे. त्यांना अर्धा लिटर पाणी होतं.

अपवाद फक्त पक्ष्यांच्या विष्ठेचा. ती उन्हात काही तासांत पारदर्शक थर खाते. तिला घासायचं नाही. ओला फडका तिच्यावर पाच मिनिटं झाकून ठेवायचा, मग चिमटीत उचलून घ्यायची. अर्धा मग पाण्यात काम होतं.

पाइप सोडवतच नसेल तर त्याच्या टोकाला दाबून धरायची गन बसवा. हात सोडला की पाणी बंद. वर मोजलेल्या अकरा मिनिटांतली जमिनीवर वाहणारी चार मिनिटं लगेच वाचतात, शिवाय गनचं तोंड अरुंद असल्याने मिनिटाला 18 ऐवजी दहा-बाराच लिटर जातात. दोनशेचे 75-80 होतात. गन बंद असताना पाइपात पूर्ण दाब राहतो, म्हणून नळाच्या जोडाला तार गुंडाळून भागत नाही. तिथे जुबली क्लिप स्क्रू-ड्रायव्हरने आवळावी लागते. नाहीतर जोड निसटतो आणि वाचवलेलं पाणी एका दणक्यात जातं. काम संपल्यावर नळही बंद करायचा, नुसत्या गनवर विसंबायचं नाही.

घरगुती प्रेशर वॉशरबद्दल उलटा गैरसमज आहे. त्याची धार बघून वाटतं पाणी धो-धो जात असेल. प्रत्यक्षात अशी बरीच यंत्रं मिनिटाला पाच ते सात लिटर घेतात, साध्या पाइपच्या एक तृतीयांश. घोडा दाबलेला असतो तेव्हाच पाणी जातं, त्यामुळे चार मिनिटांची खरी धार म्हणजे 24-25 लिटर. बादलीच्या बरोबरीने आलं. फक्त तोंड रंगापासून हातभर लांब धरावं आणि रबराच्या पट्टीवर, टायरच्या बाजूवर किंवा रंग उडालेल्या कडेवर अगदी जवळून मारू नये. बादलीतून पाणी ओढणारं यंत्र असेल तर ओढणाऱ्या नळीच्या टोकाची जाळी दर वेळी धुवावी. जाळी तुंबली की यंत्र खोकल्यासारखं धडधडतं आणि धार तुटक येते.

ही यंत्रं मला पावसाळ्यासाठी पटतात, कारण बादलीची हद्द तिथे संपते. चाकांच्या वरच्या कमानीत बसलेला चिखल फडक्याने निघत नाही. कोकणातली तांबडी माती वाळली की घट्ट धरून बसते, ती ओली असतानाच काढावी. समुद्राकाठी राहणाऱ्यांच्या गाडीच्या तळाला खारट हवेचा थर चढतो, आणि तिथे खरोखर पाणी वाहूनच जावं लागतं. महिन्यातून एकदा तळासाठी 20-25 लिटर प्रेशरने घालवणं ही उधळपट्टी नाही. ते न केल्यास गंज पत्रा खातो.

मोटारसायकल आणि स्कूटरचं काम सात-आठ लिटरमध्ये होतं: दीड लिटर फवारा, तीन लिटर शाम्पू, तीन लिटर साधं पाणी. दुचाकीला कमी पाणी हे यंत्राच्याही भल्याचं आहे. जोराची धार चाकाच्या बेअरिंगमध्ये, हँडलच्या मुळाशी आणि वायरिंगच्या जोडांमध्ये शिरते. ग्रीस धुऊन काढते आणि महिन्याभराने चाक घरघरायला लागतं. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घालावा, चेन कोरडी पुसून तिला तेल द्यावं आणि पहिल्या शंभर मीटरमध्ये ब्रेक हलके दाबून वाळवावेत.

फरशीकडे वळलं की लिटर मोजायचं सूत्र फार सोपं होतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडीचं पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. चार चौरस मीटरची बाल्कनी नुसती भिजायला चार लिटर पुरतात. तिथे वरच्या मजल्यावरच्या मिनिटाला बारा लिटरच्या पाइपने पाच मिनिटं धुतलं की 60 लिटर जातात, म्हणजे फरशीवर पंधरा मिलिमीटर उंच पाणी ओतल्यासारखं. धूळ धुवायला एवढं पाणी कधीच लागत नाही. ते वापरलं जातं झाडूऐवजी, पाण्याच्या लोटाने केर जाळीपर्यंत ढकलायला. म्हणून फरशीचा पहिला नियम कोरडा आहे: आधी झाडायचं, आणि कोपऱ्यातला केर सुपलीत भरायचा. कोरडी धूळ केरसुणीने निघते. तीच ओली झाली की चिखल होतो आणि चिखलाला पाचपट पाणी लागतं. झाडून झाल्यावर दोन लिटर पाण्यात चिमूटभर साबण, खराट्याने घासणं, दहा मिनिटं तसंच ठेवणं, वायपरने ओढणं, मग चार लिटर साधं पाणी आणि पुन्हा वायपर. सहा लिटर.

जिन्याला पाणी ओतूच नये, आणि इथे मी पाण्याच्या बचतीच्याही आधी लिफ्टचा विचार करतो. वरच्या मजल्यावरून बादल्या ओतत खाली येण्याची पद्धत अजून खूप इमारतींत आहे. ते पाणी प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराच्या उंबऱ्यावरून थोडं थोडं आत झिरपतं आणि तळाच्या खड्ड्यात साचतं. तिथे सुरक्षेचे स्विच आणि वायरिंग असतं. धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी लिफ्ट मध्येच थांबायला लागली तर मेकॅनिकला आधी खड्डा बघायला सांगा. चार मजल्यांच्या जिन्याला, मधल्या चौकांसकट, 45 चौरस मीटर धरले तर आठ लिटरच्या तीन बादल्या पोछ्याने पुरतात: दोन पुसायला, एक खळबळायला. वरच्या मजल्यापासून झाडत खाली यायचं, मग वरून पुसत खाली यायचं. पोछा पिळल्यावर थेंब पडायचे थांबले पाहिजेत. थेंब पडत असतील तर पायरीच्या कडेवर काळी ओघळाची रेघ उमटते आणि ती पुन्हा पुसावी लागते.

पार्किंगची फरशी तर धुवायचीच नसते. 300 चौरस मीटरच्या खडबडीत ब्लॉकवर पाणी दीड-दोन मिलिमीटर धरून राहतं. म्हणजे ती नुसती ओली व्हायला साडेचारशे ते सहाशे लिटर, आणि केर ढकलायचं पाणी त्याच्या वर. खराट्याने रोज झाडलं की धुवायची वेळ वर्षातून दोनदाच येते. तेलाचे डाग तेवढे वेगळे. त्यांच्यावर पाइप मारला तर तेल पाण्यावर तरंगून दोन हाताचा डाग दहा हात करतं. लाकडाचा भुसा किंवा चाळलेली राख डागावर बोटभर पसरायची, चपलेने दाबायची, रात्रभर ठेवायची. सकाळी ती काळी, ओलसर होऊन निघते. राहिलेल्या डागावर कपड्यांची पावडर, कडक ब्रश आणि दोन मग पाणी. शहाबादी आणि कोटा फरशीवर टाइल्सचं ॲसिड वापरू नये. तो चुनखडीचा दगड आहे, ॲसिडने फेस येतो, म्हणजे डागाबरोबर दगडही विरघळतो आणि मग त्या खरखरीत जागेवर मळ जास्त बसतो.

घरातली फरशी बादलीनेच पुसली जाते, त्यामुळे तिथे बचतीला जागा कमी. साडेसहाशे चौरस फुटांच्या घराला चार-चार लिटरच्या दोन बादल्या लागतात, एक आतल्या खोल्यांना, एक हॉल आणि स्वयंपाकघराला. तिथे पाणी वाढतं ते फ्लोअर क्लीनरने. वास जास्त यावा म्हणून चार लिटरला दोन-तीन टोपणं टाकली की फरशीवर चिकट थर राहतो, अनवाणी पायाला तो लगेच कळतो, धूळ त्याला धरून बसते आणि संध्याकाळी पुन्हा पुसायला लागतं. असं झालंच असेल तर दोन दिवस काहीही न घालता नुसत्या कोमट पाण्याने पुसा, थर निघून जातो. त्यानंतर अर्धं टोपण. पुसून उरलेलं पाणी संडासात ओता. फ्लशच्या एका खेपेचे पाच-सहा लिटर वाचतात. कुंड्यांना ते घालू नये, क्लीनर मातीत साचतो.

राहिला फडक्यांचा प्रश्न. ते धुवायलाही पाणी लागतं आणि ते हिशोबातून लपवता येत नाही. गाडीचे तीन-चार फडके मिळून सहा लिटर कोमट पाण्यात थोड्या द्रव साबणाबरोबर अर्धा तास भिजवायचे, हाताने चुबकायचे आणि सहा लिटर साध्या पाण्यात काढायचे. म्हणजे गाडीमागे बारा लिटर आणखी. तरी एकूण 35-40 च्या आतच. सुती कपड्यांबरोबर ते टाकू नयेत, धाग्यांत सुताची लव अडकते आणि पुढच्या वेळी काचेवर उतरते. कपडे मऊ करायचं द्रावण तर बिलकूल नको. त्याचा पातळ थर धाग्यांवर बसतो आणि फडका पाणी शोषायचं सोडून पसरवायला लागतो. फडका बिघडलाय का ते बघायचं असेल तर फरशीवर चमचाभर पाणी सांडून तो कोरडा फडका नुसता वर ठेवा, दाबू नका. पाणी वर चढलं तर तो गाडीला घ्या. थेंब तसेच राहिले तर त्याला चाकांच्या बादलीत टाका आणि रंगासाठी दुसरा काढा.